टाइप-सी चार्जर घेताय? आधी २० व्होल्टची ओळ शोधा

*ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. लॅपटॉपचा चार्जर गेला. टाइप-सी पिनचा होता, त्यावर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, ६५ वॅट असं लिहिलंय. फोन सॅमसंगचा, २५ वॅटवाला. त्याला भावाचा जुना चार्जर लावते, तो अर्धा दिवस घेतो आणि केबलला दोन ठिकाणी टेप आहे. घरून २,२०० रुपये मिळालेत, त्यातच लॅपटॉपचा चार्जर, फोनचा चार्जर आणि केबल बसवायचंय. रस्त्यावर ६५ वॅटचा चार्जर ४५० ला मिळतोय, कंपनीचा अडीच हजारांच्या पुढे सांगतात. मैत्रीण म्हणते, माझा फोनचा ८० वॅटचा चार्जर वापर. काय काय बघून घेऊ? यादी करून द्याल का? दहा दिवसांनी सबमिशन आहे.*

*— हॉस्टेलवाली, पुणे*

पैसे बाहेर काढण्याआधी दहा मिनिटं जुन्या चार्जरला दे. सॉकेटपासून ठोकळ्यापर्यंत येणारी वायर ओढून वेगळी होते का बघ. बऱ्याच लॅपटॉप चार्जरची ती निघते आणि तिच्या टोकाला तीन गोल छिद्रं असतात. दुकानात तिला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि ती शंभर-दीडशे रुपयांत मिळते. रूममेटच्या चार्जरची कॉर्ड काढून तुझ्या ठोकळ्याला लावून बघ. मी एका पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये काम करते. ‘चार्जर मेला’ म्हणून मुलं घेऊन येतात आणि मेलेली असते ती फक्त ही वायर, असं मी कित्येकदा पाहिलंय. बॅगेत घडी घालून कोंबल्यावर आधी तीच तुटते.

कॉर्ड बदलून काही झालं नाही तर दुसरी परीक्षा. लॅपटॉपच्या चार्जरची टाइप-सी पिन फोनला लाव. फोन चार्ज व्हायला लागला, तर ठोकळ्यात अजून थोडी धुगधुगी आहे. मग लॅपटॉप बंद करून त्याच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघ. आत कापसासारखा मळ दडपून बसलेला असेल तर लाकडी टूथपिकने हळूच काढ, सेफ्टी पिन मात्र घालू नकोस. शेवटी वर्गातल्या कुणाचा तरी टाइप-सी पिनचा लॅपटॉप चार्जर मागून आण आणि तुझ्या लॅपटॉपला लाव. हे चुकवू नकोस. तोही चालला नाही तर दोष लॅपटॉपच्या पोर्टचा आहे, आणि नवा चार्जर आणलास तरी तुझे पैसे पाण्यात जातील. तो चालला, तर तुझाच चार्जर गेलाय हे पक्कं.

पिनेजवळ वायर हलवली की चार्जिंग येतं-जातं, असं होत असेल तर मानेपाशी वायर तुटलीय. गोल पिनेच्या चार्जरची वायर दुरुस्तीवाला बदलून देतो आणि ती टिकते. टाइप-सीचं तसं नाही. तिच्यात वीज नेणाऱ्या दोन जाड तारांशिवाय एक केसासारखी बारीक तार असते, तिच्यावरून लॅपटॉप आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. ती जोड नीट बसली नाही तर काहीच चालत नाही, आणि जवळच्या तारेला चिकटली तर लॅपटॉपचं पोर्ट जाऊ शकतं. त्यामुळे तो डागडुजीचा विचार सोड.

आता नवा चार्जर. तुझ्या पत्रात तिन्ही ठिकाणी तू वॅट मोजलेस: ६५, २५, ८०. दुकानदारही वॅटच सांगतात, खोक्यावर मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं. पण टाइप-सी चार्जर एकाच दाबाने वीज देत नाही. तो सुरुवात करतो ५ व्होल्टने. मग समोरचं उपकरण त्या बारीक तारेवरून विचारतं, ‘तुझ्याकडे काय काय आहे?’ चार्जर आपली यादी सांगतो: ५, ९, १५, २० व्होल्ट आणि प्रत्येकाला इतके इतके अँपिअर. उपकरण त्यातलं आपल्या कामाचं मागतं. या बोलण्याच्या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी म्हणतात. तुझा लॅपटॉप २० व्होल्ट मागतो. चार्जरच्या यादीत २० व्होल्ट नसेल तर वॅट कितीही असोत, एक तर लॅपटॉप चार्ज होणार नाही किंवा गोगलगायीसारखा होईल.

ही यादी चार्जरच्या अंगावर छापलेली असते. बारीक अक्षरं असतात, फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून वाच. ‘आउटपुट’ शब्दाच्या पुढे तुला हे दिसायला हवं:

```
5V⎓3A  9V⎓3A  15V⎓3A  20V⎓3.25A
PPS: 3.3-11V⎓3A
```

शेवटची `20V⎓3.25A` ही जोडी तुझ्या जुन्या चार्जरवर आहे तीच. वीस गुणिले सव्वातीन म्हणजे ६५. अँपिअरचा आकडा ३.२५ पेक्षा मोठा असला तरी चालतो, कारण लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. मोठ्या चार्जरने लॅपटॉप जळतो ही भीती मनातून काढून टाक. बाकीच्या आकड्यांत थोडाफार फरक असेल, १२ व्होल्टची एखादी जोडी जास्त असेल, त्याने काही बिघडत नाही.

खालची पीपीएसची ओळ तुझ्या फोनसाठी आहे. सॅमसंगचे २५ वॅटचे फोन पूर्ण वेगाने चार्ज व्हायला ठरलेले व्होल्ट घेत नाहीत, ते क्षणाक्षणाला थोडे थोडे व्होल्ट वर-खाली करून मागतात. त्या सोयीला पीपीएस म्हणतात. चार्जरवर पीपीएस नसेल तर फोन चार्ज होतो, पण कमी वेगाने. फोन लावल्यावर पडद्यावर नुसतं `Fast charging` आलं तर पीपीएस मिळत नाहीये, `Super fast charging` आलं तर मिळतंय. यासाठी तुला ११ व्होल्टपर्यंत जाणारी आणि सव्वादोन अँपिअर किंवा जास्त देणारी ओळ पुरे.

मैत्रिणीचा ८० वॅटचा चार्जर खोटा नाही. पण काही फोन कंपन्यांची स्वतःची वेगळी भाषा असते. त्या व्होल्ट कमी ठेवून अँपिअर वाढवतात. ११ व्होल्ट आणि ७.३ अँपिअर असं काहीतरी त्यावर लिहिलेलं असेल. गुणाकार ८० येतो, पण २० व्होल्ट त्यात नाहीत. शिवाय त्याची केबल चार्जरच्या बाजूला जुन्या चौकोनी यूएसबीची असेल तर पीडीचं बोलणं होतच नाही. काही चार्जरमध्ये दोन्ही भाषा असतात, म्हणून तिच्या चार्जरवरची ओळ वाचून घे. २० व्होल्ट दिसले तर सबमिशनपर्यंत उसना घे, नाही दिसले तर नाद सोड.

म्हणजे तुला दोन चार्जर घ्यायचेच नाहीत. ६५ वॅटचा, पीडी आणि पीपीएस दोन्ही असलेला, टाइप-सीची दोन पोर्ट असलेला एकच चार्जर घे. खोक्यावर ‘गॅन’ लिहिलेले असतात ते आकाराने लहान असतात, दप्तरात बरे पडतात. असा चार्जर दीड हजाराच्या आसपास मिळतो, सेलमध्ये त्याहून खाली येतो. दोन केबल धरून तुझं गणित असं बसतं: चार्जर १,५००, लॅपटॉपसाठी चांगली केबल ३५० ते ४००, फोनसाठी साधी केबल २००. झाले २,१००. त्या दिवशी भाव चढा असला तर फोनची केबल पुढच्या महिन्यावर ढकल. लॅपटॉपची केबल फोनला चालते. उलटं मात्र नीट चालत नाही, ते का ते पुढे सांगते.

दोन पोर्टच्या चार्जरमध्ये एक मेख असते. ६५ वॅट हा आकडा बहुतेक वेळा एकच पोर्ट वापरलं तरचा असतो. दुसरं पोर्ट भरलं की वाटणी होते, बऱ्याच चार्जरमध्ये ४५ लॅपटॉपला आणि २० च्या आसपास फोनला. तशी वाटणी खोक्याच्या मागे किंवा ऑनलाइन पानावर दिलेली असते, ती वाच. ४५ वॅटवर तुझा लॅपटॉप लिहिण्या-वाचण्याच्या कामाला पुरेल, चार्ज हळू होईल. पण वाटणी ३० आणि ३० अशी असेल तर तो चार्जर नको. आणि लॅपटॉप लावलेला असताना फोनची पिन घातलीस की चार्जर क्षणभर दोघांची वीज तोडतो आणि नव्याने बोलणी करतो. त्याला बिघाड समजू नकोस.

केबलकडे आपण फार हलक्यात बघतो, आणि निम्मे लोक इथेच फसतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच वीज नेते. २० व्होल्ट गुणिले ३ म्हणजे ६० वॅट. तुला हवेत ६५, म्हणजे सव्वातीन अँपिअर. त्या पाव अँपिअरसाठी ५ अँपिअरची केबल लागते. तिच्या टोकात एक इवलीशी चिप असते, ई-मार्कर म्हणतात तिला. ‘मी जाड आहे, माझ्यातून जास्त पाठव’ असं ती चार्जरला सांगते. चिप नसेल तर चार्जर कितीही मोठा असो, ३ अँपिअरच्या पुढे जात नाही, आणि ते तुझ्या भल्याचंच आहे, कारण बारीक तारेतून जास्त वीज गेली तर ती तापते. साध्या केबलवर तुझा लॅपटॉप बहुतेक चालेलही, पण काही लॅपटॉप मंद चार्जरची सूचना देतात आणि काम जड झालं की बॅटरीतून ओढायला लागतात. तुझ्या फोनला मात्र ३ अँपिअरची पुरते, म्हणून त्याच्यासाठी दोनशेची.

दुकानात ‘पाच अँपिअर, शंभर वॅट, ई-मार्कर, दोन्हीकडे सी’ असं माग. हल्ली २४० वॅट लिहिलेल्या केबलही मिळतात, त्याही चालतात. सगळ्यात जास्त सांभाळायचं ते ‘१२० वॅट’ लिहिलेल्या, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेल्या केबलपासून. त्या रंगीत असतात, जाड वेणीच्या असतात, स्वस्त असतात, आणि तुझ्या लॅपटॉपच्या काहीही कामाच्या नाहीत. लांबी एक ते दीड मीटर घे. दोन मीटरची स्वस्त केबल घेतलीस तर तारेतच व्होल्ट गळतात.

आता ४५० रुपयांच्या चार्जरबद्दल. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने लॅबमध्ये असाच एक आणला होता, रस्त्यावरून घेतलेला. लॅपटॉप चार्ज होईना म्हणून त्याने आणला, आम्ही तो उघडला. चांगल्या चार्जरमध्ये भिंतीतली २३० व्होल्टची बाजू आणि तुझ्या हातात येणारी बाजू यांच्यामध्ये हिरव्या पट्टीवर स्पष्ट मोकळी जागा सोडलेली असते, पाचएक मिलिमीटर तरी. ट्रान्सफॉर्मरला पिवळ्या टेपचे वेढे असतात. यात दोन्ही बाजूंचे सोल्डरिंगचे डाग इतके जवळ होते की मध्ये तांदळाचा दाणा आडवा मावला नसता. आत एक लोखंडाचा तुकडा गोंदाने चिकटवला होता, नुसतं हातात वजन लागावं म्हणून. अंगावर ६५ वॅट छापलं होतं, पण मीटरवर ५ व्होल्टच्या वर काही निघालं नाही. त्या मुलाचा लॅपटॉप वाचला तो चार्जर निकामी होता म्हणून. पावसाळ्यात दमट भिंतीवर, धातूच्या अंगाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली असताना ती तांदळाएवढी फट तुझ्या आणि २३० व्होल्टच्या मध्ये असावी, असं मला वाटत नाही. भूक मारून पैसे वाचवले असशील तरी त्या दुकानापाशी थांबू नकोस.

खरा-खोटा ओळखायला एक गोष्ट तुझ्या हातात आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा अडॅप्टरची भारतीय मानक ब्यूरोकडे म्हणजे बीआयएसकडे नोंदणी सक्तीची आहे. चार्जरच्या अंगावर बीआयएसचं चिन्ह आणि `R-` पासून सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. फोनवर `BIS Care` हे ॲप टाक, त्यात `Verify R-no. under CRS` मध्ये तो क्रमांक घाल. उत्पादकाचं नाव, वस्तूचा प्रकार आणि नोंदणी चालू आहे की संपली ते येतं. उत्पादकाचं नाव ब्रँडपेक्षा वेगळं दिसलं तर दचकू नकोस, बरेच ब्रँड दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेतात. पण वस्तूच्या जागी दिव्याचं किंवा टीव्हीचं नाव आलं, किंवा क्रमांक सापडलाच नाही, तर तो कुठून तरी उचलून छापलाय. दुकानात उभ्या उभ्या हे दोन मिनिटांत होतं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी कर.

तू पुण्यात आहेस, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन भाव काढशीलच. जरूर जा, पण पक्कं बिल मिळेल त्याच दुकानातून घे आणि बिलावर चार्जरचं मॉडेल लिहून घे. नुसतं ‘चार्जर १ नग’ लिहिलेल्या बिलावर वॉरंटी मागायला गेलीस की वाद होतात. ‘ओरिजिनल आहे, पण बिल नाही’ असं कुणी म्हणालं तर तो ओरिजिनल नाही असं धर. ऑनलाइन घेणार असशील तर दोन गोष्टी बघ. विकणारा कोण आहे, आणि परत घेतात की फक्त बदलून देतात. चार्जर-केबलला पुष्कळदा फक्त बदलून मिळतं आणि त्यालाही थोडेच दिवस असतात. दुकानदाराने किंवा विक्रेत्याने वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल हाताशी असेल तरच तिथे तुझं म्हणणं टिकतं.

तुझ्या वर्गात गोल पिनेचे लॅपटॉप असलेलेही असतील, त्यांनाही दोन ओळी सांग. त्यांना हा एकच चार्जर चालणार नाही. त्यांनी जुन्या चार्जरवरचे व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, असा घ्यायचा, आणि लॅपटॉप सोबत नेऊन पिन घालून बघायची. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पिनांच्या मधली बारीक सुई वेगळी असते. काही लॅपटॉप त्या सुईवरून चार्जर ओळखतात, ओळख पटली नाही की चालू राहतात पण बॅटरी भरत नाहीत.

आणल्यावर पहिल्याच दिवशी तपासणी कर. लॅपटॉपची बॅटरी ३०-४० टक्क्यांवर येऊ दे, कारण भरत आलेली बॅटरी मुद्दामच हळू घेते. वर्गातला तो चालणारा लॅपटॉप चार्जर पुन्हा एकदा उसना आण. विंडोजमध्ये पॉवरशेल उघड आणि हे टाक:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus |
  Select-Object Charging, ChargeRate, DischargeRate
```

अडलं तर पॉवरशेल `Run as administrator` करून उघड. `ChargeRate` समोर बॅटरीत जाणारी वीज मिलिवॅटमध्ये येते. ३५००० म्हणजे ३५ वॅट. ६५ दिसणार नाहीत, कारण काही वीज लॅपटॉप चालवायला जाते आणि बॅटरी किती घेईल ते लॅपटॉप ठरवतो. आधी उसन्या चार्जरवर आकडा बघून लिहून ठेव, तोही ६५ वॅटचा असेल तर उत्तम. मग लगेच नव्या चार्जरवर, पाच अँपिअरच्या केबलने, तेवढीच कामं उघडी ठेवून बघ. दोन्ही आकडे जवळपास असले तर तुझा माल खरा आहे. नवा निम्म्यावर आला तर केबल बदलून एकदा बघ, म्हणजे दोष चार्जरचा की केबलचा ते कळेल. पिन लावलेली असताना `DischargeRate` समोर शून्याच्या वर काही दिसलं, तर चार्जर लॅपटॉपला पुरत नाहीये.

त्यानंतर अर्धा तास लॅपटॉपवर एखादं जड काम चालवून चार्जरला हात लाव. गॅनचे लहान चार्जर चांगलेच गरम होतात, तेवढं चालतं. हात टेकवून पाच सेकंद धरवत नसेल, प्लॅस्टिकचा वास येत असेल किंवा केबलचं टोक चार्जरपेक्षा जास्त तापत असेल, तर लगेच काढ. टोक तापणं म्हणजे आत जोड सैल आहे. चार्जर गादीवर किंवा उशीखाली ठेवू नकोस. हॉस्टेलच्या ढिल्या एक्स्टेन्शन बोर्डात पिन लोंबकळत असेल तर भिंतीचं सॉकेट वापर, सैल पिनेत ठिणग्या पडून चांगला चार्जरही मरतो.

हे सगळं सबमिशनच्या आदल्या रात्रीवर ठेवू नकोस. शनिवारी खरेदी कर, रविवारी तपासणी, म्हणजे काही निघालंच तर सोमवारी बिल घेऊन दुकानात जाता येईल. जुना चार्जर तोवर टाकू नकोस. लेबल वाचायला तो दुकानात सोबत ने, आणि त्याची पॉवर कॉर्ड शाबूत असेल तर काढून ठेव, रूममेटची कधीतरी तुटेलच.